पाण्याच्या थेंबांचे भिंग: आरसा आणि बहिर्वक्र भिंग वापरून द्रवाचा अपवर्तनांक कसा काढावा

आडवा ठेवलेला साधा आरसा, त्यावर पाण्याचे काही थेंब आणि थेंबांवर ठेवलेले बहिर्वक्र भिंग. भिंगाची खालची फुगीर बाजू पाण्यात टेकते, त्यामुळे पाणी वरून खोलगट होते आणि खालून आरशासारखे सपाट राहते. म्हणजे काच न घासता, साच्यात न ओतता पाण्याचे एक समतल-अंतर्वक्र भिंग तयार झाले. हे भिंग प्रकाश फाकवणारे, म्हणून ते वरच्या काचेच्या भिंगाची ताकद थोडी कमी करते. किती कमी करते ते मोजले की पाण्याचा अपवर्तनांक हाती येतो. बारावीच्या प्रॅक्टिकलमध्ये हा प्रयोग सगळेच करतात, पण १.३३ ऐवजी १.२८ किंवा १.४१ का आले हे बहुतेकांना कळत नाही. त्यामुळे इथे पाणी आणि ग्लिसरीन यांचे एक पूर्ण उदाहरण घेऊन प्रत्येक मिलिमीटर उत्तरात कुठे जातो ते पाहू.

प्रकाश जातो कसा

भिंगावर उभ्या रेषेत, भिंगाच्या नाभीवर एक पिन आडवी धरली आहे असे समजा. पिनेच्या टोकापासून निघालेले किरण भिंगातून खाली येताना समांतर होतात, आरशावर सरळ आपटतात, आल्या वाटेने परत जातात आणि पुन्हा नाभीवरच एकत्र येतात. त्यामुळे पिनेची उलटी आणि तेवढ्याच आकाराची प्रतिमा पिनेच्याच पातळीवर बनते. प्रतिमा आणि पिन एका पातळीत आल्या की पिन ते भिंग हे अंतर म्हणजेच नाभीय अंतर. कोरड्या भिंगासाठी त्याला f म्हणू, खाली द्रव असताना त्याला F म्हणू.

या मांडणीत किरण आरशापाशी समांतर असतात, आणि त्याचा एक मोठा फायदा आहे. साध्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो, म्हणून किरणांना तीन-चार मिलिमीटर काचेतून जाऊन परत यावे लागते. पण समांतर आणि लंब किरणांना मधल्या सपाट काचेने काहीच फरक पडत नाही. याच कारणाने द्रवाचा थर किती जाड आहे यालाही महत्त्व नाही. भिंग आरशाला टेकलेले असो की द्रवावर अर्धा मिलिमीटर उचललेले असो, द्रवभिंगाची ताकद त्याच्या वरच्या खोलगट पृष्ठभागावर ठरते.

दोन पातळ भिंगे चिकटून असली की त्यांच्या ताकदींची बेरीज होते. द्रवभिंगाची ताकद ऋण असल्याने जोडीची ताकद कमी होते आणि F हे f पेक्षा मोठे येते. चिन्हांचा गोंधळ टाळायचा असेल तर द्रवाने जेवढी ताकद घटवली तिला K म्हणावे:

```
K = 1/f − 1/F
n − 1 = R × K
```

इथे R म्हणजे भिंगाच्या खालच्या, द्रवाला टेकलेल्या पृष्ठभागाची वक्रता त्रिज्या आणि n म्हणजे द्रवाचा अपवर्तनांक. जर्नलमध्ये हेच सूत्र f₂ = fF/(f − F) आणि n = 1 − R/f₂ असे, ऋण चिन्हासह लिहितात. उत्तर एकच येते. f, F आणि R या तीन मापांपलीकडे या प्रयोगात काही नाही.

साहित्य निवडताना

भिंग ५ सेमी व्यासाचे, १५ ते २० सेमी नाभीय अंतराचे आणि दोन्ही बाजूंनी सारखे फुगलेले घ्यावे. १० सेमीचे भिंग हाताळायला सोपे वाटते, पण एका मिलिमीटरच्या चुकीचा उत्तरावर होणारा परिणाम नाभीय अंतर लहान होईल तसा वाढतो. उलट ३० सेमीचे भिंग घेतले तर पाण्यासह F सुमारे ४४ सेमी होईल, त्यावर डोळा आणखी फूटभर वर न्यावा लागेल आणि स्टूलवर चढून पॅरॅलॅक्स पाहायची वेळ येईल. १५ सेमीच्या भिंगासाठी पाण्याचे F सुमारे २२ सेमी आणि ग्लिसरीनचे सुमारे २८ सेमी येते, ते साध्या रिटॉर्ट स्टँडवर सहज मावते.

आरसा किमान १० सेमी × १० सेमी असावा आणि तो उथळ थाळीत ठेवावा. द्रव आरशाच्या कडेने मागे झिरपला तर मुलामा काळा पडतो, आणि बऱ्याच प्रयोगशाळांतले आरसे कडेने खराब दिसतात ते यामुळेच. याशिवाय बारीक टोकाची लांब पिन, ती आडवी धरायला बूच आणि क्लॅम्प, मीटरपट्टी किंवा अर्ध्या मिलिमीटरची खूण असलेली स्टीलची पट्टी, ओळंबा, ड्रॉपर आणि स्फेरोमीटर लागेल.

स्टँड टेबलावर न ठेवता खाली जमिनीवर किंवा बुटक्या स्टूलवर ठेवावा. डोळा पिनेपासून किमान २५-३० सेमी वर हवा. टेबलावर स्टँड असेल तर माणूस टाचा उंचावून, डोळा पिनेला चिकटवून बघतो आणि अंधुक पिनेवर पॅरॅलॅक्स जुळवत बसतो.

कोरड्या भिंगाचे f

आधी अंदाज घ्या. खिडकीबाहेरच्या लांबच्या झाडाची किंवा इमारतीची प्रतिमा भिंगाने भिंतीवरच्या कागदावर घ्या आणि ती स्पष्ट झाली की भिंग ते कागद अंतर मोजा. समजा ते १५ सेमीच्या आसपास आले. आता पिन कुठे असायला हवी हे आधीच ठाऊक झाले, आणि पुढे भलतीच प्रतिमा पकडली तर ते लगेच लक्षात येईल.

आरसा आडवा ठेवा, भिंग त्यावर ठेवा आणि भिंगाच्या कडेला काचेवर लिहिणाऱ्या पेनने एक बारीक ठिपका द्या, म्हणजे खालची बाजू कोणती हे पुढे विसरणार नाही. पिन आडवी धरून तिचे टोक भिंगाच्या बरोबर मध्यावर आणा. त्यासाठी टोकाला ओळंबा लावून पाहा. मग एक डोळा मिटून वरून बघत पिन हळूहळू वर न्या.

पिन भिंगाच्या अगदी जवळ असताना प्रतिमा सुलटी आणि मोठी दिसते. वर नेत गेलात की ती फुगून विस्कटते, मग उलटी होते आणि पिनेच्या समोरून टोकाकडे टोक करून येते. या टप्प्यावर उंची सोडा आणि आधी पिन आडव्या दिशेने सरकवून दोन्ही टोके एकमेकांना जेमतेम टेकवा. टोके एका रेषेत नसतील तर पिन भिंगाच्या बरोबर मध्यावर नसते किंवा आरसा किंचित कललेला असतो. आरशावर भिंग एका बिंदूवर उभे असल्याने ते डोलते. कडेखाली कागदाच्या दोन-तीन चिमुकल्या पट्ट्या सरकवल्या की ते स्थिर होते. भिंग किंचित कलले तरी नाभीय अंतर जवळपास बदलत नाही, त्यामुळे याची फार धास्ती घेऊ नये.

आता पॅरॅलॅक्स. डोके डावीकडे-उजवीकडे हलवा. टोके एकमेकांना धरून राहिली तर काम झाले. नाहीतर प्रतिमा कुठल्या बाजूला पळते ते पाहा. प्रतिमा डोळ्याच्याच दिशेने सरकली तर ती पिनेच्या खाली, म्हणजे डोळ्यापासून दूर आहे. पिन वर गेली आहे, ती खाली आणा. प्रतिमा डोळ्याच्या उलट दिशेने सरकली तर ती पिनेच्या वर आहे, म्हणून पिन वर न्या. हा नियम लक्षात ठेवला की स्क्रू उगाच वरखाली करत बसावे लागत नाही.

इथे एक गोष्ट आपल्या बाजूने काम करते. जुळलेल्या जागेच्या जवळ पिन १ मिमी वर नेली तर प्रतिमा जवळपास १ मिमी खाली जाते, म्हणून दोघींमधले अंतर २ मिमी होते. पिनेची चूक डोळ्याला दुप्पट होऊन दिसते. नीट पाहिले तर पिनेची जागा अर्ध्या मिलिमीटरपर्यंत ठरवता येते. प्रतिमेची जाडी पिनेएवढीच दिसते का हेही तपासा. पॅरॅलॅक्स जुळला असे वाटते पण प्रतिमा पिनेपेक्षा जाड दिसते, असे असेल तर पिन अजून थोडी वर जायला हवी.

सगळ्यांत फसवी चूक याच टप्प्यावर होते. पिन भिंगापासून साडेसात सेमीच्या आसपास असताना आणखी एक उलटी, पिनेएवढीच, पण फिकट प्रतिमा पिनेच्या पातळीवर येते. ती आरशामुळे बनत नाही. भिंगाच्या खालच्या पृष्ठभागावरून काचेतच परावर्तित झालेल्या प्रकाशाची ती प्रतिमा असते. घाईत कोणी तीच पकडते आणि f निम्मे लिहिते. झाडाच्या प्रतिमेने घेतलेला अंदाज असेल तर ही चूक होत नाही. ही फिकट प्रतिमा लक्षात ठेवा, पुढे R काढायला तीच उपयोगी पडणार आहे.

पॅरॅलॅक्स जुळल्यावर पिनेला धक्का न लावता पिनेच्या टोकापासून भिंगाच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर मोजा. मग भिंग अलगद काढून टोकापासून आरशापर्यंतचे अंतर मोजा. दोन्हींची सरासरी म्हणजे भिंगाच्या मध्यापर्यंतचे अंतर. पट्टी तिरकी धरली तर अंतर जास्त येते, म्हणून ती ओळंब्याच्या दोऱ्याला समांतर ठेवा. असे तीन वेळा करा, आणि प्रत्येक वेळी पिन मुद्दाम हलवून नव्याने जुळवा. एकदाच जुळवून तीनदा मोजले तर फक्त पट्टी वाचण्याची चूक तपासली जाते, पॅरॅलॅक्सची नाही.

नमुन्याची रीडिंग अशी: टोक ते भिंग १४.८, १४.७, १४.८ सेमी, टोक ते आरसा १५.३, १५.३, १५.४ सेमी. सरासऱ्या १५.०५, १५.००, १५.१० सेमी, म्हणून f = १५.०५ सेमी.

पाणी घालून F

भिंग उचला, आरसा स्वच्छ पुसा आणि मध्यावर ड्रॉपरने पाणी घाला. थेंब किती, असा प्रश्न नेहमी येतो. एक मिलिलिटरमध्ये ड्रॉपरचे साधारण २० थेंब धरले, तर या भिंगाखाली मधला ३ सेमी रुंदीचा भाग भरायला पाव मिलिलिटर, म्हणजे पाच-सहा थेंब पुरतात. भिंग कडेपर्यंत भरायचे असेल तर सुमारे २ मिलिलिटर, म्हणजे चाळीसेक थेंब लागतात. बहुतेक जण दोन थेंब टाकतात आणि प्रतिमा शोधत बसतात.

कमी पाण्याने नेमके काय होते ते पाहा. मधल्या भागाखाली पाणी असते, कडेखाली हवा. मधल्या भागाची प्रतिमा F वर बनते आणि कोरड्या कडेची प्रतिमा जुन्या f वरच बनते. म्हणून दोन प्रतिमा दिसतात, आणि पिन अजून १५ सेमीवर असल्याने जुनी प्रतिमाच आधी नजरेत भरते. F जर f एवढेच आले तर पाण्याला दोष देऊ नका. तुम्ही कडेतून बघत आहात. पाणी कडेपर्यंत भरले की ही अडचण राहत नाही.

भिंग सरळ वरून टाकू नका. सूक्ष्मदर्शकाच्या स्लाइडवर कव्हरस्लिप ठेवतात तसे एक कड आधी टेकवून भिंग हळूच आडवे करा, म्हणजे हवा दुसऱ्या बाजूने निघून जाते. बुडबुडा राहिला तर त्या जागी पाण्याचे भिंगच नसते आणि प्रतिमा धुरकट होते. वरून पाहिले की बुडबुडा चांदीसारखा चमकतो. भिंगाच्या वरच्या बाजूवर पाणी सांडले असेल तर ते टिपून घ्या. तिथला थेंब वेगळेच भिंग बनवतो आणि प्रतिमा विस्कटते.

आता पिन वर न्या. २२ सेमीच्या आसपास उलटी प्रतिमा पुन्हा जुळेल. ती आधीपेक्षा थोडी फिकट वाटते. पिनेखाली पांढरा प्रकाश नीट पडेल अशी खिडकीकडे तोंड करून मांडणी ठेवली तर त्रास होत नाही. प्रतिमेच्या कडेला हलकी रंगीत झाक दिसली तर घाबरू नका. पाण्याचा अपवर्तनांक निळ्या प्रकाशासाठी लाल प्रकाशापेक्षा सुमारे ०.००६ ने जास्त असतो आणि काचेतही असाच फरक असतो. आपल्या मोजमापाच्या अचूकतेपुढे तो छोटा आहे.

नमुन्याची रीडिंग: टोक ते भिंग २१.९, २२.०, २१.९ सेमी, टोक ते आरसा २२.४, २२.५, २२.५ सेमी. सरासऱ्या २२.१५, २२.२५, २२.२० आणि F = २२.२० सेमी. इथे एक छान पडताळा मिळतो. टोक ते आरसा आणि टोक ते भिंग यांतला फरक म्हणजे भिंगाची जाडी. कोरडे असताना ती अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास होती, आताही तेवढीच आहे. एखाद्या रीडिंगमध्ये हा फरक एकदम ०.८ झाला तर पट्टी वाचताना चूक झाली आहे किंवा भिंग काढताना पिन हलली आहे. ते रीडिंग खोडून नवे घ्या.

```
K = 1/15.05 − 1/22.20
  = 0.06645 − 0.04505
  = 0.0214 प्रति सेमी
```

त्रिज्या R: सगळ्यांत दुर्लक्षित माप

बहुतेक जणांची सगळी मेहनत पॅरॅलॅक्सवर खर्च होते आणि R मात्र घाईत उरकली जाते. उत्तर बिघडते ते अनेकदा इथेच.

स्फेरोमीटरच्या तीन पायांमधले अंतर l, आणि भिंगावर मधला स्क्रू किती वर उचलावा लागतो ती उंची h. त्रिज्या अशी मिळते:

```
R = l²/(6h) + h/2
```

l मोजायला स्फेरोमीटर जर्नलच्या पानावर दाबून तीन टोके उमटवा आणि त्रिकोणाच्या तिन्ही बाजू मोजून सरासरी घ्या. हे काम क्षुल्लक वाटते, पण सूत्रात l चा वर्ग आहे. ४ सेमीमध्ये अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर l मध्ये सव्वा टक्का आणि R मध्ये अडीच टक्के चूक होते. एका मिलिमीटरची चूक पाच टक्के. म्हणून टोकदार पेन्सिलीने ठिपक्यांवर बारीक फुली मारून, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांच्या पट्टीने मोजणे भाग आहे.

h साठी लघुतम माप बघा. स्क्रूच्या आट्यांमधले अंतर १ मिमी आणि तबकडीवर १०० भाग असतील तर ते ०.०१ मिमी. आधी सपाट काचेवर मधले टोक टेकेपर्यंत फिरवून शून्य वाचन घ्या, मग भिंगाच्या ठिपका दिलेल्या खालच्या बाजूवर वाचन घ्या. टोक टेकले हे ओळखायचे तर टोकाखालच्या प्रतिबिंबाकडे आडव्या नजरेने बघा. टोक आणि प्रतिबिंब भेटले की थांबा. जास्त फिरवले की स्फेरोमीटर टोकावर गरगर फिरू लागतो. स्क्रू नेहमी एकाच दिशेने फिरवत टेकवा. उलटसुलट फिरवला तर आट्यांतला सैलपणा रीडिंगमध्ये शिरतो.

इथली नेहमीची मोठी चूक म्हणजे पूर्ण फेऱ्या न मोजणे. आपल्या भिंगासाठी h १.७२ मिमी, म्हणजे एक पूर्ण फेरी आणि ७२ भाग. ती एक फेरी विसरली तर h ०.७२ मिमी लिहिले जाते आणि R सदतीस सेमी येते. ही चूक ओळखणे सोपे आहे: दोन्ही बाजूंनी सारख्या फुगलेल्या साध्या काचेच्या भिंगात R हे f च्या जवळपास, किंचित जास्त असते. १५ सेमीच्या भिंगाची R सदतीस असूच शकत नाही.

आपल्या उदाहरणात l = ४.०२ सेमी आणि h = ०.१७२ सेमी.

```
R = 16.16/1.032 + 0.086
  = 15.66 + 0.086
  = 15.75 सेमी

n = 1 + 15.75 × 0.0214 = 1.337
```

पाण्याचे मान्य मूल्य २० °से.ला १.३३३ आहे. तीस अंशांना ते जेमतेम ०.००१ ने कमी होते, म्हणून खोलीचे तापमान लिहिले तर उत्तम, पण त्याच्या मागे लागू नये.

स्फेरोमीटर नसेल तर काही जण R = f असे धरून मोकळे होतात. हे फक्त भिंगाच्या काचेचा अपवर्तनांक नेमका १.५ असेल तरच खरे. काच १.५२ ची असेल तर R हे f पेक्षा चार टक्के मोठे असते. आपल्या रीडिंगमध्ये R = f धरले तर उत्तर १.३२२ येते. त्याऐवजी मघाची फिकट प्रतिमा वापरा, ही बॉइजची पद्धत. भिंग आरशावरून काढून, ठिपका दिलेली बाजू खाली ठेवून काळ्या कागदावर ठेवा, म्हणजे फक्त फिकट प्रतिमा उरते. तिच्याशी पिन जुळवून भिंगापासूनचे अंतर d मोजा:

```
R = f × d / (f − d)
```

अशा भिंगासाठी d सुमारे ७.७ सेमी यायला हवे. मात्र इथे d मध्ये एक मिलिमीटर चुकले तर R जवळपास चार मिलिमीटर चुकते, त्यामुळे पाच-सहा वेळा जुळवून सरासरी घेणे गरजेचे आहे.

R नको असेल तर: पाणीच मोजपट्टी

पाण्याचा अपवर्तनांक आपल्याला ठाऊक आहे. मग तेच भिंग, तीच बाजू खाली ठेवून आधी पाणी आणि मग अनोळखी द्रव घेतला, तर दोन्ही वेळा R तीच असल्याने ती भागाकारात उडून जाते:

```
(n द्रव − 1)/(n पाणी − 1) = K द्रव / K पाणी
```

एकाहून जास्त द्रव मोजायचे असतील तर हाच मार्ग घ्यावा. ग्लिसरीनसाठी भिंग आणि आरसा पुसून कोरडे करा, कारण ग्लिसरीन पाण्यात मिसळते आणि राहिलेले दोन थेंबसुद्धा उत्तर खाली खेचतात. ग्लिसरीन दाट असल्याने बुडबुडे सहज निघत नाहीत. ड्रॉपरचे टोक आरशाला टेकवून सावकाश सोडा, वरून ओतू नका. भिंग ठेवल्यावर एखादे मिनिट थांबा, म्हणजे द्रव कडेपर्यंत पसरतो. बाटली उघडी राहिलेली नको, कारण ग्लिसरीन हवेतली ओल शोषते आणि पावसाळ्यात तर त्याचा अपवर्तनांक हळूहळू उतरतो.

समजा ग्लिसरीनचे F २७.७ सेमी आले.

```
K ग्लिसरीन = 0.06645 − 0.03610 = 0.0303 प्रति सेमी
n = 1 + 0.333 × (0.03034/0.02140) = 1.472
```

शुद्ध ग्लिसरीनचे मूल्य १.४७ च्या थोडे वर असते. हीच रीडिंग R वापरून सोडवली तर १.४७८ येते. म्हणजे R मधली छोटी चूक गुणोत्तरात गेली. शिवाय f मधल्या चुकीचा बराचसा भाग दोन्ही K मध्ये सारखाच शिरतो आणि भागाकारात कमी होतो. रॉकेल, टर्पेंटाइन, गोडे तेल यांच्यासाठीही हीच कृती. स्पिरिटसारखा उडून जाणारा द्रव मात्र मोजता मोजता कडेने आटतो आणि कोरड्या कडेची जुनी प्रतिमा पुन्हा डोकावू लागते. तो भरपूर घालून पटकन मोजावा आणि पंखा बंद ठेवावा. रॉकेल किंवा स्पिरिट असताना जवळ पेटता बर्नर नसावा.

मिलिमीटर कुठे महाग पडतो

पाण्याच्या उदाहरणात f एक मिलिमीटर चुकले तर n मध्ये सुमारे ०.००७ फरक पडतो. F एक मिलिमीटर चुकले तर सुमारे ०.००३. म्हणजे एक मिलिमीटर f मध्ये दुपटीहून जास्त महाग पडतो, तरी बहुतेक जण कोरडे भिंग दोनदा मोजून पाण्याकडे वळतात. उलट करा: f पाच-सहा वेळा, F तीन-चार वेळा. l मधला अर्धा मिलिमीटर एकट्याने सुमारे ०.००८ खातो, आणि h मधला स्फेरोमीटरचा एक भाग फक्त ०.००२. ही सगळी बेरीज ०.०२ च्या आसपास जाते. म्हणून R वापरून काढलेले पाण्याचे उत्तर जर्नलमध्ये १.३४ ± ०.०२ असे लिहावे. कॅल्क्युलेटरवर दिसणारे १.३३७१ नव्हे.

काही वेळा सगळे नीट करूनही द्रव घातल्यावर पिन जराही हलवावी लागत नाही. दोन प्रतिमा नाहीत, बुडबुडे नाहीत, कड भरलेली आहे, तरी F आणि f सारखेच. अशा वेळी भिंग उचलून खालच्या बाजूवर खिडकीचे प्रतिबिंब पाहा. ते लहान न दिसता आरशातल्यासारखे सरळ दिसले, तर तुमच्या हातात एका बाजूने सपाट असलेले भिंग आहे आणि सपाट बाजू खाली गेली आहे. सपाट काचेखाली द्रवाचे भिंग बनत नाही, फक्त थर बनतो. ते उलटे करून ठेवा आणि f पासून पुन्हा मोजा.